शेवटच्या हंड्याची पारख

त्या दिवशी तांबट गल्लीत शिरताना आशाने नेहमीसारखा पदर दोन्ही कानांवर ओढून घेतला आणि अप्पांच्या दुकानाच्या पायरीशी आल्यावर तो गुपचूप सोडून दिला. माहेरच्या माणसांसमोर कान झाकणं बरं दिसत नाही. गल्लीत ठोक्यांचा पाऊस चालला होता. एक थांबला की दुसरा सुरू. या आवाजात वाढलेली ही मुलगी गेली वीस-बावीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती आणि 'शांतता राखा' ही पाटी तिच्याच टेबलामागे लावलेली होती. वाचनालयातली मंडळी यावर हसायची. आशाही हसायची, थोडं कमी.

अप्पा, म्हणजे धोंडीराम तांबट, मांडीशी हंडा घेऊन बसले होते. पाणी तापवायचा मोठा तांब्याचा हंडा, कळवणच्या कुणा बाईने लेकीच्या लग्नासाठी सांगितलेला. आशाचा धाकटा भाऊ सोमनाथ द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवर पत्रा उतरवून घ्यायला गेला होता, त्यामुळे दुकानात बापलेक दोघंच.

"बरी आलीस," अप्पा म्हणाले. त्यांचं साधं बोलणंही चार घरं पलीकडे जाई. "हे जरा ऐक बरं."

त्यांनी हंडा एका हाताच्या पंजावर उचलून धरला आणि काठावर लाकडी मोगरीने अलगद टोला दिला. तांबटाची ही शेवटची पारख. सांधा चांगला झाळला, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडला गेला असेल तर भांडं खणकतं आणि त्या खणखणाटाची शेपटी बारीक होत होत लांब जाते. सांध्यात केसाएवढी भेग असेल तर ती शेपटी मध्येच तुटते. पाणी भरून बघतातच, पण अशी भेग गार पाणी धरून ठेवते आणि भांडं चुलीवर चढलं की सोडते. पाण्याच्या आधी ती कानाला कळते.

"खणखणीत का बोदा?"

आशाने मान तिरकी केली. आवाज लांबत गेला, बारीक झाला, तरी चालूच राहिला. तो तिच्या कानात नेहमी चालूच असे.

"खणखणीत," ती म्हणाली.

अप्पांनी पुन्हा टोला दिला. स्वतःचा कान काठापाशी नेला. मग हंडा खाली ठेवून त्यांनी सांध्यावरून दोनदा अंगठा फिरवला. 

"आशे, तुझ्या कानात कधी वाजतं का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपलं, काही वाजत नसताना. रातकिडा बसल्यावानी. सोम्याला विचारलं तर म्हणतो, अप्पा, कोणीतरी आठवण काढत असेल तुमची. एवढी आठवण काढणारं आहे कोण आता?" ते हसले. डोळे हसले नाहीत. "मला वाटतं डोक्यात काही बिघडलंय. तू वाचतेस एवढं. तुला होतं का असं?"

"छे," आशा म्हणाली. फार पटकन म्हणाली. "वयाने होतं ते अप्पा. जाईल आपोआप. थोडं थांबा."

"थांबतो की," अप्पा म्हणाले आणि त्यांनी हंड्यावर आपल्या नावाचा छाप मारला.

निघताना त्यांनी तिला घरी न्यायला लिंबाचं लोणचं दिलं. तिने डबा परत आणायचं कबूल केलं. सगळं रोजच्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवायला अप्पा उठले आणि ओट्याशी टेकून खाली बसले, ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, काही कळलंही नसेल त्यांना.

*

हंडा परत आला तेव्हा तेरावं होऊन गेलेलं होतं. आशा दुकानाच्या माडीवर अप्पांचे कपडे आवरत होती. खालून बाईचा चढा आवाज आला.

"बाबाचं नाव ऐकून आलो आम्ही कळवणवरनं! म्हटलं, धोंडीराम तांबटाचा हंडा म्हणजे नातवंडं वापरतील. अन् हे काय? पहिल्याच अंघोळीला चूल इझली. सासूनं लेकीला काय ऐकवलं ते माझं मला ठाऊक. लय मोठं नाव, नाय का?"

आशा जिन्यात थांबली. लंकाबाई असं त्या बाईचं नाव होतं. सोमनाथ हात जोडून उभा होता.

"मावशी, नवा देतो. अप्पा गेले आमचे."

बाई एकदम मऊ पडली. "आरं देवा. कवा?" मग पदर सावरून, "माणूस गेला त्याला काय बोलावं. पण बाबा, हात उतरला व्हता तर सांगायचं ना कोणीतरी त्याला."

"शेवटी शेवटी कान गेले होते त्यांचे," सोमनाथ म्हणाला. "पारख राहिली नव्हती. आम्हीच लक्ष द्यायला पाहिजे होतं."

आशा जिन्यात उभीच राहिली. दोन पायऱ्या उतरली असती तर झालं असतं. ती पुन्हा वर गेली आणि घडी घातलेलं धोतर उलगडून तिने पुन्हा त्याची घडी घातली.

त्या दिवसापासून कानातला आवाज वाढला. खरंच वाढला, का तिचं लक्ष तिकडे जास्त जाऊ लागलं, हे तिला सांगता आलं नसतं. आजवर तो कोपऱ्यात असे. आता तो खोलीच्या मधोमध येऊन बसला. वाचनालयात तर फारच. दुपारी वाचनकक्षात पानं उलटल्याचाही आवाज नसे, तेव्हा तो तिच्या डोक्यात खणकत राही. पुस्तकाचं एक पान ती चार-चारदा वाचायची. झोप उडाली. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुःखाने होतं, थांबा, जाईल. नेमके अप्पांना तिने सांगितलेले शब्द. मग तिने इंटरनेटवर वाचलं आणि मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचली. नवऱ्याने, किशोरने, फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि कॉलेज रोडवरच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात नाव नोंदवलं.

*

डॉक्टरांनी कान तपासले, मळ नाही, पडदा शाबूत म्हणाले आणि आतल्या खोलीत ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. वैष्णवी नावाची तिशीतली मुलगी होती. टेबलावर प्लास्टिकचा एक मोठा कान, त्याच्या पाकळ्या सुट्या काढता येत.

"ताई, एका कानात की दोन्ही?"

"दोन्ही."

"नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का? अचानक ऐकू येणं कमी झालं, चक्कर येते, असं काही?"

"नाही. गाठ असेल का हो?"

"एकाच कानात असता, नाडीबरोबर वाजला असता, किंवा एका रात्रीत बहिरेपण आलं असतं तर आम्ही तातडीने पुढच्या तपासण्या केल्या असत्या. तुमचं तसं दिसत नाही. आधी ऐकण्याची चाचणी करू. कधीपासून आहे?"

"वडील गेल्यापासून. दोन महिने झाले."

"मोठ्या आवाजात कधी काम केलंय?"

"वाचनालयात असते मी," आशा म्हणाली. हे खोटं नव्हतं.

बंद काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसवलं. ऐकू आलं की बटण दाबायचं. सुरुवातीला सोपं होतं. मग सूर बारीक होत गेले आणि आशाला कळेना की यंत्र वाजतंय की आपण. तिने अंदाजाने बटण दाबलं. दाबताना लहानपणी परीक्षेत शेजारणीच्या पाटीकडे बघितल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर वैष्णवीने आलेख समोर ठेवला. रेघ बऱ्यापैकी सपाट चालत होती, एका जागी खड्ड्यात उतरली होती आणि पुन्हा थोडी वर आली होती. दोन्ही कानांना तशीच.

"वयाने उतार लागतो तो पुढे उतरतच जातो. हा असा खड्डा बहुतेक वेळा मोठ्या आवाजाने पडतो, आणि तो दोन महिन्यांत पडत नाही." ती आरोप करत नव्हती. रिकामी खुर्ची दाखवावी तसं दाखवत होती. "गिरणी, फटाके, डीजे, कारखाना... काहीच नाही?"



"आमचं तांब्याचं दुकान आहे," आशा शेवटी म्हणाली. "शाळा-कॉलेजात असताना मी मठारकाम करायचे. भांड्यावर ठोक्यांची नक्षी असते ना, ती. रोज संध्याकाळी. लग्नापर्यंत."

"कानांना काही लावून?"

आशाला हसूच आलं. "तांबट गल्लीत? कानात बोळे घातले तर लोक म्हणतील, पोरगी पाव्हणी आहे."

शाळेत तिला 'तांबटीण' म्हणायचे, कारण ती ओरडून बोलायची. मैत्रिणी तिच्यासमोर मुद्दाम ओठ हलवायच्या, आवाज न काढता, आणि ती "काय?" म्हणाली की खिदळायच्या. हळू बोलायला शिकण्यात तिची काही वर्षं गेली. ओठ वाचायलाही त्याच काळात शिकली. वाचनालयात कुणाला संशय आला नाही. तिथे सगळेच कुजबुजतात आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यातलं ती काही बोलली नाही. पण वैष्णवीने आतापर्यंत तिच्या समोर, उजेडात तोंड ठेवूनच बोलणं चालवलं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं गरम झाली.

वैष्णवीने प्लास्टिकच्या कानाची पाकळी काढली. आत गोगलगायीसारखी वळलेली नळी होती. "इथे केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. आवाजाने त्या डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठ्या आवाजाचा मार वर्षानुवर्षं बसला की त्या त्या पट्टीतल्या पेशी मरतात. पुन्हा येत नाहीत. मेंदूला तिकडून निरोप येईनासा होतो. मग तो काय करतो? कान टवकारतो. रेडिओवर स्टेशन लागत नाही म्हणून आपण आवाज वाढवत जावा आणि नुसती खरखर मोठी व्हावी, तसं. ती खरखर म्हणजे टिनिटस, कर्णनाद. वेड नाही, भूतबाधा नाही, मेंदू खराब झाल्याची खूणही नाही."

"मग जाईल कधी?"

"पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही थांबून राहिलात आणि रोज सकाळी 'गेला का?' म्हणून तपासत बसलात, तर तो जाणारही नाही आणि तुम्हाला बसूही देणार नाही. सांगा बरं, वाचनकक्षात पंखा करकरतो का एखादा?"

"तीन नंबरच्या टेबलावरचा."

"तक्रार कोण करतं?"

"नवीन येतो तो. पहिल्या आठवड्यात." आशा थांबली. "मग त्याला ऐकू येईनासा होतो."

"पंखा तोच असतो. मेंदूला खात्री पटते की यात धोका नाही, मग तो पहारा काढून घेतो. तुमच्या मेंदूने या आवाजावर पहारा बसवलाय. दुःख, जागरण, गाठीची भीती, सगळं त्याला खतपाणी घालतं. आपल्याला पहारा उठवायचाय."

मग तिने एकेक सांगितलं. पूर्ण शांततेत बसायचं नाही. घरात सावकाश पंखा, पाण्याचा किंवा पावसाचा रेकॉर्ड केलेला आवाज ठेवायचा, पण कानातल्या आवाजापेक्षा किंचित खाली, तो बुडवायचा नाही. दोन्ही शेजारी ऐकू आले तरच मेंदू सवय करतो. ऐकू कमी येतं तिथे श्रवणयंत्र लावून बघायचं. बाहेरचे खरे बारीक आवाज आत आले की मेंदूला इतके कान टवकारावे लागत नाहीत. झोपेची वेळ पक्की, झोप येईना तर अंथरुणात त्या आवाजाशी झटत न पडता उठून काहीतरी साधं करायचं. आणि समुपदेशकाकडे काही बैठका.

"समुपदेशक कशाला? मी काही..."

"आवाजासाठी नाही, त्याच्यामागून येणाऱ्या विचारांसाठी. 'आता माझं संपलं,' 'मी बहिरी होणार' हे विचार तपासून बघायचे, त्यांना प्रश्न विचारायचे. या उपायाचा पुरावा सगळ्यात चांगला आहे. आवाज तेवढाच राहतो, पण त्याचा त्रास कमी होतो. गोळ्या मात्र पुष्कळ विकल्या जातात, त्यांच्या नादी लागू नका."

"आणि कानात बोळे?"

"मोठा आवाज असेल तिथे जरूर. एरवी नाही. शांत खोलीत कान बंद केले की आतला आवाज अजून मोठा वाटतो."

शेवटी तिने आणखी एक गंमत करू या म्हटलं: कानातला आवाज कोणत्या सुराचा आहे ते जुळवायचं. यंत्रातून एकेक सूर आला. हा? नाही, अजून वर. हा? अजून थोडा. मग एक सूर आला आणि आशाचा हात आपोआप उचलला गेला, पंजा वर, जणू त्याच्यावर काही तोलून धरायचं आहे. तो हंड्याच्या खणखणाटाची शेपटी होती. तंतोतंत.

"हाच," ती म्हणाली. आणि मग, हात खाली घेत, "वैष्णवी, कानात हा आवाज असताना कुणी भांडं वाजवलं, तर त्याचा नाद याच सुरात तुटला की चालू राहिला, हे मला कळेल?"

वैष्णवीने आलेखातल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "इथे? अवघड आहे. बाहेरचा थांबला तरी आतला चालूच. तुम्हाला प्रत्येक भांडं खणखणीतच वाटेल."

"माझे वडील सुटीच्या दिवशीही दुकान उघडून फुटकं भांडं ठोकत बसायचे. आम्हाला वाटायचं, हौस."

"ठोकताना आतला ऐकू येत नसेल. तेवढाच विसावा. पण त्याने उरलेल्या पेशीही जातात. त्यांनी कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं," आशा म्हणाली. "मला."

 वैष्णवीने पाण्याचा पेला सरकवला आणि चाचणीचे कागद लावत बसली. जाताना म्हणाली, "दुकानावर कोण आहे आता? भाऊ? त्यांना घेऊन या. त्यांचं अजून वाचवता येईल."

*

पुढचे काही आठवडे आशाने सांगितल्याबरहुकूम केलं. बेडरूममध्ये पावसाचा आवाज हळू लावला. किशोर म्हणाला, रोज रात्री छत्री शोधावीशी वाटते. श्रवणयंत्रं आली, केसांखाली दिसतही नव्हती, तरी पहिल्या दिवशी तिने बुचडा सोडून केस मोकळे ठेवले. तीन नंबरच्या पंख्याबरोबर तिला पहिल्यांदा पिशवीची चेन, खिडकीवरच्या चिमण्या असं बारीकसारीक ऐकू आलं. कानातला आवाज होताच. पण दिवसातून कधीतरी ती त्याला विसरली होती असं नंतर लक्षात यायचं, आणि ही विसरण्याची लांबी वाढत होती. त्या हंड्याचा विचार मात्र समुपदेशक बाईने कितीही प्रश्न विचारले तरी जागचा हलेना. "तो विचार खोटा नाही," ती बाई शेवटी म्हणाली, "त्याचं इथे काही होणार नाही. तो जिथला आहे तिथे न्या."

त्याच आठवड्यात सोमनाथचा फोन आला. अप्पांच्या हातची शेवटची भांडी त्याने बाजूला काढली होती. हंडे, कळश्या, दोन घंगाळी. विकणार नव्हता. मोडीत घालणार होता, आणि घालण्याआधी त्यांच्यावरचा अप्पांच्या नावाचा छाप ठोकून सपाट करणार होता. "मोडीच्या दुकानात बापाचं नाव पडून राहायला नको, ताई. कळवणच्या बाईने गावभर केलंच आहे. आता आणखी कुणी परत आणलं तर तोंड कुठे लपवू? तुला कळवलं फक्त."

आशा गल्लीत शिरली तेव्हा ठोक्यांचा पाऊस चालला होता. तिने यंत्रं काढून डबीत ठेवली आणि वैष्णवीने दिलेले जाड कर्णरक्षक कानांवर चढवले, उघड, सगळ्यांच्या देखत. समोरच्या दुकानातला म्हातारा हात कपाळाला लावून बघू लागला. तिच्या पिशवीत आणखी एक जोडी होती.

सोमनाथ अप्पांच्या जागी बसला होता. मांडीशी कळशी, हातात हातोडा. छापावर पहिला ठोका बसला होता. 'धोंडीराम'मधला 'धों' चपटा झाला होता. त्याने तिच्या कानांकडे बघितलं आणि हसला.

"हे काय, विमान चालवायला निघालीस?"

"सोमनाथ, थांब."

त्याने ऐकलं नाही. हातोडा वर गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

"सोम्या, ती भांडी ठोकू नकोस," ती म्हणाली, वाचनालयातल्या आवाजात.

"काय?"

शेजारच्या दुकानात घंगाळ्यावर घाव पडत होते. तिने पुन्हा सांगितलं. सोमनाथने हात कानामागे धरला, अगदी अप्पांसारखा. "काय म्हणतेस? मोठ्याने बोल की!"

लपवायला जागा उरली नाही. आशाने छाती भरून श्वास घेतला आणि लग्नानंतर कधीच काढला नव्हता तो आवाज काढला, तांबट गल्लीचा, चार घरं पलीकडे जाणारा.

"तो हंडा अप्पांनी पारखला नव्हता! मी पारखला होता. त्यांना शंका होती, म्हणून त्यांनी मला ऐकायला सांगितलं, आणि मी म्हटलं खणखणीत आहे. मला कळलंच नव्हतं रे. माझ्याही कानात वाजतं. मी इथे मठारायला बसायचे तेव्हापासून वाजतं. त्यांनी मला विचारलं होतं, तुझ्या कानात वाजतं का, आणि मी नाही म्हटलं."

शेजारचे घाव थांबले. मग समोरचे. सोमनाथच्या हातातला हातोडा हळूहळू खाली आला.

"हो अप्पा," आशा त्या चपट्या झालेल्या अक्षराकडे बघत म्हणाली, तितक्याच मोठ्याने, "माझ्याही कानात वाजतं."